गुडविलवर घसारा का नसतो, आणि परीक्षा होते ती नेमकी कशाची

गेल्या जूनमध्ये मामांनी एका कंपनीचा वार्षिक अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि एका ओळीवर बोट टेकवलं. मामा लालबागला राहतात, बँकेतून निवृत्त झालेत. ज्या कंपन्यांचे शेअर्स घेतलेत त्यांचे अहवाल ते खरोखर वाचतात.

"हे बघ. 'गुडविलचं इम्पेअरमेंट, १० कोटी.' नफ्यातून वजा केलेत. मग पुढे रोकड प्रवाहाच्या पत्रकात तेच १० कोटी परत मिळवलेत. म्हणजे पैसे गेले की नाही गेले? आणि यंत्रांवर दरवर्षी घसारा धरतात, मग यावर तीन वर्षं काहीच नाही आणि आता एकदम १० कोटी, हे कसं?"

मी ऑडिटमध्ये आहे. गुडविलचं मूल्य घटलं का, म्हणजेच इम्पेअरमेंट झालं का, याच तपासणीत वर्षातले दोन-तीन महिने जातात, तरी मामांना दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. त्या संध्याकाळी जे सांगितलं ते इथे नीट मांडते आहे. कंपनीचं नाव घेत नाही, आणि डोक्यात राहावेत म्हणून आकडे गोल केले आहेत.

पैसे गेले होते, पण चार वर्षांपूर्वी. या खाद्यपदार्थांच्या कंपनीने तेव्हा मसाल्याचा एक जुना घरगुती धंदा विकत घेतला. अंबरनाथला कारखाना, घाटी आणि मालवणी मसाल्याचं मुंबईभर चालणारं नाव, डोक्यावर कर्ज नाही. किंमत मोजली १२० कोटी. मसालावाल्यांच्या स्वतःच्या ताळेबंदात जमीन, यंत्रं, माल, येणी असं सगळं धरून आणि देणी वजा करून फक्त ३० कोटी दिसत होते. मग वरचे ९० कोटी कशाचे?

मुंबईत दुकान हातबदल करताना लोक सहज म्हणतात, "गाळ्याचे इतके आणि गुडविलचे इतके." बारावी कॉमर्सच्या पुस्तकात याच शब्दाला 'ख्याती' म्हणतात. त्यामुळे आपल्याला वाटतं की हे ९० कोटी म्हणजे धंद्याच्या नावाचे. कंपनीच्या हिशेबात मात्र तसं नसतं. 'इंड एएस १०३' या भारतीय लेखा मानकाप्रमाणे खरेदी झाल्यावर घेतलेल्या धंद्यातली प्रत्येक ओळखता येणारी वस्तू त्या दिवसाच्या रास्त किमतीला मांडावी लागते, मग ती जुन्या वह्यांत असो वा नसो. इथे अंबरनाथची जमीन वह्यांपेक्षा ८ कोटींनी महाग निघाली. मसाल्याचं नाव, म्हणजे ब्रँड, जुन्या वह्यांत शून्य होता, कारण स्वतः वाढवलेलं नाव स्वतःच्या ताळेबंदात लिहिता येत नाही. मूल्यांकन करणाऱ्याने त्याची किंमत ३६ कोटी लावली. वितरकांशी असलेल्या जुन्या संबंधांचे ८ कोटी. असे एकूण ५२ कोटी वाढले.

नाव वेगळं मोजून झालं, तरी गुडविल अजून उरलंच आहे. माझ्या मते याच जागी सगळ्यात जास्त लोक चुकतात.

या ५२ कोटींच्या वाढीबरोबर एक देणंही जन्माला येतं. एकत्रित हिशेबात आपण ब्रँडला ३६ कोटी म्हणालो, पण आयकर खातं ते मानत नाही. शेअर्स विकत घेतले म्हणून मसाला कंपनीच्या कराच्या हिशेबातले आकडे बदलत नाहीत. म्हणून या फरकावरचा कर, ढोबळमानाने २५ टक्के म्हणजे १३ कोटी, 'डिफर्ड टॅक्स'चं देणं म्हणून लिहावा लागतो. आता बेरीज करा: ३० अधिक ५२ वजा १३, म्हणजे ६९ कोटी. मोजले १२०. उरले ५१ कोटी. हे ५१ म्हणजे गुडविल.

गुडविल कोणी मोजत नाही, ते उरतं. आणि जे उरतं त्यात सगळं मिसळलेलं असतं. मिरची कधी उतरवायची हे वासावरून ओळखणारे भाजणीवरचे कामगार त्यात आहेत. जमलेल्या मनुष्यबळाला वेगळी मालमत्ता म्हणून मांडायला मानक परवानगी देत नाही, कारण माणसं उद्या सोडून जाऊ शकतात, त्यांच्यावर मालकी नसते. घेणाऱ्या कंपनीच्या गाड्या आधीच हजारो दुकानांत फरसाण पोचवतात, त्यात मसाल्याची पाकिटं चढवली की होणारी बचत आणि वाढणारी विक्री त्यात आहे. वर सांगितलेल्या कराच्या देण्यामुळे फुगलेले १३ कोटी त्यात आहेत, ज्यांचा ख्यातीशी काडीचा संबंध नाही. आणि बोली लावताना भावनेच्या भरात जास्त मोजले असतील, तर तेही इथेच येऊन बसतात.

उरलेली रक्कम किंमतीवर किती अवलंबून असते, याचं मुंबईतलंच एक मोठं उदाहरण आहे. हिंदुस्तान युनिलिव्हरने हॉर्लिक्सवाली जीएसके कन्झ्युमर हेल्थकेअर आपल्यात विलीन करून घ्यायचं डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं, तेव्हा सौदा सुमारे ३१,७०० कोटींचा सांगितला गेला. मोबदला रोख नव्हता, शेअर्सच्या रूपात होता, आणि प्रमाण ठरलेलं होतं. व्यवहार १ एप्रिल २०२० ला पूर्ण झाला. मोबदला मोजायचा तो त्या दिवशीच्या शेअरच्या भावाने, आणि मधल्या काळात भाव वर गेला होता. त्यामुळे हिशेबात किंमत ४० हजार कोटींच्या वर गेली. विकत घेतलेला धंदा तोच, आणि त्यातल्या जमिनी नि ब्रँड काही घेणाऱ्याच्या शेअरच्या भावाबरोबर वर जात नाहीत. वर जाते ती शिल्लक. गुडविल म्हणून १७ हजार कोटींहून जास्त रक्कम ताळेबंदात आली.

आता मामांचा दुसरा प्रश्न. यावर दरवर्षी घसारा का नाही?

घसारा लावायचा तर वस्तू किती वर्षं चालणार आणि कशी झिजणार, एवढं तरी अंदाजाने माहीत हवं. कांडप यंत्राचं ते माहीत असतं. कंपनी कायद्याचं दुसरं परिशिष्ट साधारण यंत्रांना १५ वर्षं आयुष्य देतं, आणि दहाव्या वर्षी अंबरनाथला जाऊन पाहिलं तर यंत्र खरंच झिजलेलं दिसतं. गुडविलचं आयुष्य किती? जुन्या भारतीय मानकात, एएस १४ मध्ये, विलीनीकरणातलं गुडविल साधारणपणे जास्तीत जास्त ५ वर्षांत संपवायचं होतं. आंतरराष्ट्रीय मानकात २००४ पर्यंत गृहीत होतं की ते २० वर्षांच्या पुढे जाणार नाही. अमेरिकेत २००१ पर्यंत कमाल मर्यादा ४० वर्षं होती. आपले ५१ कोटी घ्या. पहिल्या नियमाने वर्षाला १० कोटींच्या वर खर्च, दुसऱ्याने अडीच कोटी, तिसऱ्याने सव्वा कोटी. मसाला तोच, मिरची तीच, आणि नफा तीन प्रकारचा. यातला कुठलाच आकडा मसाल्याच्या धंद्याकडे बघून काढलेला नाही.

परिणाम असा झाला की वाचणारे तो आकडा मनात पुसून टाकू लागले. विश्लेषक नफा मांडताना गुडविलची वजावट परत मिळवायचे. ज्या खर्चातून काही कळत नाही, तो दरवर्षी दाखवून उपयोग काय, असा हा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा दुहेरी भाराचा. मसाल्याचा धंदा टिकवायला कंपनी दरवर्षी जाहिरात करते, नवीन माणसांना शिकवते, दुकानदारांना योजना देते. हे सगळं त्याच वर्षीच्या खर्चात जातं. त्याच वर्षी गुडविलचाही एक तुकडा खर्ची टाकला, तर धंदा जपण्याचा खर्चही आणि धंदा झिजल्याचा खर्चही, असं दोन्ही होतं. झीज झालीच नसेल तर दुसरा खर्च खोटा ठरतो.

म्हणून आधी अमेरिकेने २००१ मध्ये आणि मग आंतरराष्ट्रीय मानकाने २००४ मध्ये रस्ता बदलला. भारतात इंड एएस २०१६-१७ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाले तेव्हा आपणही त्यावर आलो. आता गुडविलला ठरावीक आयुष्य नाही. पण आयुष्य ठरवता येत नाही म्हणजे ते अमर आहे असं नव्हे, म्हणून वर्षातून एकदा तपासणी सक्तीची. मधेच काही बिनसल्याची चिन्हं दिसली तर तेव्हाही. वार्षिक तपासणी वर्षात कधीही करा, पण दरवर्षी त्याच सुमारास. सोयीचा महिना निवडता येत नाही.

आयकराचा रस्ता मात्र वेगळा होता. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्मिफ्स सिक्युरिटीजच्या खटल्यात गुडविलवर करासाठी घसारा मान्य केला होता, आणि २०२१ च्या वित्त कायद्याने तो बंद केला. कराचा हिशेब आणि ताळेबंदाचा हिशेब एकमेकांत मिसळू नका, एवढंच इथे पुरे.

तपासणी होते कशी? एकटं गुडविल बाजारात नेऊन विकता येत नाही आणि एकटं पैसेही कमावत नाही. म्हणून 'इंड एएस ३६' सांगतं की ज्या गटातून स्वतंत्रपणे पैसा येतो त्या गटाला ते जोडा. याला कॅश जनरेटिंग युनिट म्हणतात, ऑफिसात आम्ही नुसतं सीजीयू म्हणतो. इथे मसाल्याचा धंदा हे युनिट. तपासणी होते ती या सगळ्या युनिटची. जमीन, यंत्रं, ब्रँड, माल आणि गुडविल मिळून वह्यांत जो आकडा आहे, तेवढा पैसा या युनिटमधून खरंच वसूल होऊ शकतो का?

वसूल होण्याचे मार्ग दोन: युनिट चालवत राहायचं किंवा आज विकून टाकायचं. दोन्हींचे आकडे काढायचे आणि जो जास्त असेल तो धरायचा, कारण शहाणा मालक जे जास्त फायद्याचं तेच करील.

खरेदीनंतरच्या तिसऱ्या वर्षी मसाला युनिटचा वह्यांतला आकडा १२२ कोटी होता, त्यात गुडविल तेच ५१. पुढच्या पाच वर्षांत कर वजा जाता हातात येणारी रोकड कंपनीने अंदाजली होती: ८ कोटी, मग ८.६, ९.३, १० आणि १०.८. (मानक करपूर्व आकडे आणि करपूर्व दर मागतं. समजायला सोपं जावं म्हणून मी करानंतरचे घेते.) पाच वर्षांनंतर धंदा दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढत राहील असं धरलं. उद्या मिळणारा रुपया आजच्या रुपयापेक्षा कमी मोलाचा, म्हणून हे सगळे आकडे १२ टक्के दराने आजच्या किमतीत आणायचे.

पहिल्या पाच वर्षांचे आजच्या किमतीत झाले ३३ कोटी. पाचव्या वर्षानंतरच्या सगळ्या भविष्याचे झाले ९२ कोटी. एकूण १२५. वह्यांत १२२. तीन कोटींनी पास, त्या वर्षी काहीच लिहायची गरज पडली नाही.

पण त्या ९२ कडे जरा थांबून बघा. एकूण किमतीचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग अशा काळातून आला आहे ज्याचा अंदाज वर्षावर्षाने कोणी मांडलेलाच नाही, एका वाढीच्या दरात तो बसवला आहे. आता १२ टक्क्यांच्या जागी १३ टक्के घ्या, बाकी सगळं तेच. एकूण किंमत १०९ वर येते आणि १३ कोटींचा तोटा लिहावा लागतो. दर १२ च ठेवून पुढची वाढ ५ ऐवजी ४ टक्के घ्या, तर ११३, म्हणजे ९ कोटींचा तोटा. एका टक्क्याचा फरक, आणि पासचं नापास. आमच्या टेबलावर खरी झटापट होते ती या दोन आकड्यांवर. कंपनीचे लोक वाईट असतात असं अजिबात नाही. ज्यांनी उत्साहाने धंदा घेतला त्यांनाच त्याच्या भविष्याचा अंदाज करायचा असतो, आणि माणूस आपल्या निर्णयावर विश्वास ठेवतो. म्हणून मी सगळ्यात आधी मागचे अंदाज मागवते. दोन वर्षांपूर्वी या वर्षासाठी काय धरलं होतं आणि प्रत्यक्षात काय आलं? अंदाज दरवर्षी हुकतो आणि दरवर्षी पुन्हा 'पुढच्या वर्षीपासून' वाढ सुरू होते असं दिसलं, की मग वाढीचा तक्ता कितीही नेटका असो, माझे प्रश्न वाढतात.

चौथ्या वर्षी मसाल्याचं तसंच झालं. एका मोठ्या ब्रँडने तयार मालवणी मसाला स्वस्तात आणला, त्याच वर्षी मिरची महागली. ८ कोटी अपेक्षित होते, हातात आले साडेसहा. नवे अंदाज ७ पासून सुरू करावे लागले. दर आणि वाढ तीच ठेवून चालवण्याची किंमत निघाली ११० कोटी. विकायचं तर ११४ मिळाले असते, सल्लागार आणि वकिलांचे २ गेले की ११२. दोन्हींत जास्त ११२, वह्यांत १२२. फरक १० कोटी.

हा तोटा वाटतानाही क्रम ठरलेला आहे. आधी सगळा गुडविलमधून कापायचा. गुडविल शून्य झालं आणि तरी तोटा उरला, तरच तो जमीन, यंत्रं, ब्रँड यांच्यावर प्रमाणात पसरायचा. म्हणून गुडविल ५१ वरून ४१ वर आलं आणि मामांच्या डोळ्यांसमोर ती १० कोटींची ओळ आली. पैसे खरेदीच्या दिवशीच बाहेर गेले होते, या वर्षी तिजोरीतून काही गेलं नाही, म्हणून रोकड प्रवाहात ती रक्कम परत मिळवली. या वर्षी बदलली ती एक गोष्ट: त्या १२० कोटींतून किती परत येईल याबद्दलचं कंपनीचं मत.

"मग पुढच्या वर्षी मिरची स्वस्त झाली आणि धंदा सुधारला, तर हे १० परत लिहितील?"

नाही. यंत्रावरचा असा तोटा परिस्थिती सुधारल्यावर मागे घेता येतो, गुडविलवरचा कधीच नाही. कारण सुधारणा झाली तर ती नव्या मेहनतीची, नव्या जाहिरातीची असण्याची शक्यता जास्त. म्हणजे ते स्वतः तयार केलेलं गुडविल. आणि मसालावाल्यांना स्वतःचं नाव ताळेबंदात लिहिता येत नव्हतं, तसं या कंपनीलाही लिहिता येत नाही.

इथेच या पद्धतीची खरी अडचण आहे, आणि ती मला मामांपासून लपवायची नव्हती. चौथ्या वर्षीचं ते ५१ कोटींचं गुडविल म्हणजे खरेदीच्या दिवशीचंच का? त्या दिवशीचे काही कामगार गेले, काही वितरक बदलले. त्यांची जागा नव्यांनी घेतली. जुनं ओसरत गेलं आणि कंपनीच्या खर्चाने नवं भरत गेलं. तपासणी युनिटची होते, त्यामुळे ती जुनं-नवं वेगळं करू शकत नाही. नवं पुरेसं भरलं असेल तर जुनं संपूनही वह्यांत तसंच उभं राहतं. घसाऱ्याच्या बाजूने बोलणारे हेच म्हणतात: विकत घेतलेलं गुडविल कधी ना कधी संपतंच, मग ते हळूहळू संपवा. हा युक्तिवाद कच्चा नाही. आंतरराष्ट्रीय मानक मंडळाने २०२० मध्ये चर्चापत्र काढून यावर पुन्हा मतं मागवली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तपासणीचीच पद्धत कायम ठेवली. अमेरिकेतल्या मंडळानेही त्याच वर्षी हा विषय बाजूला ठेवला. तिथे खासगी कंपन्यांना मात्र २०१४ पासून हवं तर १० वर्षांत गुडविल संपवायची मुभा आहे, कारण दरवर्षीची ही तपासणी लहान कंपनीला महाग पडते.

माझं मत तपासणीच्या बाजूचं आहे, आणि त्याचं कारण ती १० कोटींची ओळ. दरवर्षी ५ कोटींचा घसारा पडत राहिला असता तर चौथ्या वर्षापर्यंत गुडविल ३१ कोटींवर आलं असतं, वह्यांतला आकडा १०२ झाला असता आणि ११२ च्या खाली बसला असता. मसाल्याचं गणित बिघडलंय हे मामांना कळलंच नसतं.

पण तपासणी उशिरा बोलते, हेही खरं. टाटा स्टीलने २००७ मध्ये युरोपातली कोरस सुमारे १२ अब्ज डॉलरला घेतली. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली, युरोपातली पोलादाची मागणी आटली. फोर्टातल्या बॉम्बे हाऊसमधून गुडविल आणि मालमत्तेच्या मूल्यात सुमारे १.६ अब्ज डॉलरची घट जाहीर झाली ती मे २०१३ मध्ये. शेअर बाजार वाईट बातमी लगेच पचवतो. हिशेबात ती उतरायला वेळ लागतो, कारण मंदी तात्पुरती आहे असं जोवर प्रामाणिकपणे म्हणता येतं, तोवर पाचव्या वर्षानंतरचं ते मोठं भविष्य शाबूत राहतं.

आणि एक जागा अशी आहे जिथे तपासणी गप्पच बसू शकते. समजा कंपनीने पहिल्या दिवसापासून मसाल्याचं गुडविल एकट्या मसाल्याला न जोडता सगळ्या 'खाद्यपदार्थ' गटाला जोडलं असतं. त्या गटात तिचा जुना फरसाणाचा धंदा आहे. त्याचा वह्यांतला आकडा समजा ६० कोटी आणि वसूल होणारी किंमत २०० कोटी, कारण तो स्वतः वाढवलेला, त्याचं नाव वह्यांत नाहीच. दोन्ही मिळून वह्यांत १८२, वसुली ३१२. मसाल्यातले १० कोटी या १३० कोटींच्या मोकळ्या जागेत बुडून जातात. आणखी ४० बुडाले असते तरी ओळ आली नसती. मानकाने कुंपण घातलं आहे: व्यवस्थापन ज्या सर्वांत खालच्या पातळीवर गुडविलवर लक्ष ठेवतं तिथेच ते जोडायचं, आणि गट व्यवसाय विभागापेक्षा मोठा करायचा नाही. पण लक्ष कुठल्या पातळीवर ठेवतो हे सांगणारं व्यवस्थापनच असतं. म्हणून मी संचालक मंडळासमोर जाणारे मासिक अहवाल मागते. त्यात मसाल्याचा नफा वेगळा छापलेला असेल, तर लक्ष मसाल्यावर वेगळं आहे.

मामांसारख्या भागधारकाला ते अहवाल मिळत नाहीत, पण वार्षिक अहवालातली गुडविलची टीप मिळते, आणि तिच्यात बरंच असतं. कोणत्या युनिटला किती गुडविल जोडलंय, दर किती धरला, पाच वर्षांनंतरची वाढ किती धरली. या अंदाजांत सहज होऊ शकेल अशा बदलाने युनिट नापास होणार असेल, तर सध्या किती कोटींनी पास आहे आणि दर कुठे गेला की ती मोकळीक संपेल, हेही कंपनीला सांगावं लागतं. मी मामांना दोन वर्षांच्या टिपा शेजारी ठेवून वाचायला सांगितल्या. बँकेचे व्याजदर वर गेले असताना टिपेतला दर खाली आला असेल तर का, हे विचारायचं. कंपनीचं बाजारमूल्यच तिच्या ताळेबंदातल्या निव्वळ मालमत्तेखाली गेलं असेल आणि गुडविल जागचं हललं नसेल, तर तेही विचारायचं. मानक स्वतः ते धोक्याचं चिन्ह मानतं.

या वर्षी नवा अहवाल आला. मामांनी रात्री साडेदहाला टिपेचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "गुडविल ४१ कोटी, तेवढंच आहे. पण गेल्या वर्षी युनिट 'मसाले' होतं, या वर्षी 'मसाले व स्नॅक्स' झालंय. किती कोटींनी पास, ते वाक्य आता नाही. सभेत मी हे विचारणार आहे. प्रश्न नीट लिहून दे."

युनिटची फेररचना करायला मानक परवानगी देतं, पण अट अशी की कंपनीची रचना खरोखर बदललेली हवी, आणि युनिट कसं नि का बदललं हे सांगायला हवं. मी लिहून दिलं: मसाला आणि स्नॅक्स यांचे कारखाने, विक्रीची माणसं आणि संचालकांपुढे जाणारे आकडे कोणत्या तारखेपासून एकत्र झाले, आणि एकत्र होण्याच्या आदल्या दिवशी एकट्या मसाल्याची तपासणी केली होती का, केली असेल तर उत्तर काय आलं?